खिडकी पाठीशी होती

गेल्या वर्षी मी नोकरीसाठी व्हिडिओवर तीन मुलाखती दिल्या. तिन्ही वेळा बेडरूममधल्या टेबलाशी, खिडकीकडे पाठ करून बसले. मागे पसारा दिसू नये, एवढीच काळजी घेतली होती. तिसऱ्या मुलाखतीत समोरच्या बाई म्हणाल्या, "दिवा लावता का? चेहरा नीट दिसत नाहीये." मी ट्यूब लावली. फारसा फरक पडला नाही आणि पुढे माझं निम्मं लक्ष स्वतःच्या चौकटीकडेच राहिलं. नोकरी मिळाली नाही. कारण तेवढंच होतं असं नाही, पण उत्तरं विस्कटली ती तिथून.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून पाहिलं. कॅमेरा उजेड आपोआप जुळवतो. मागे लख्ख खिडकी असली की तो सगळं चित्र मंद करतो आणि चेहरा काळवंडतो. ट्यूब होती डोक्यावर, त्यामुळे डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावल्या पडून मी आजारी दिसत होते.

टेबल फिरवलं. खिडकी नाकासमोर घेतली तर चेहरा सपाट दिसायचा आणि चष्म्यात खिडकी उमटायची. ती थोडी डावीकडे येईल अशी बसले, तेव्हा काचा स्वच्छ झाल्या. ऊन थेट पडू नये म्हणून पांढरा पडदा ओढला.

तरीही नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसत. हा मी माझ्या चेहऱ्याचाच दोष धरून चालले होते, याचं आज वाईट वाटतं. चूक अंतराची होती. आवाज नीट पोचावा म्हणून मी लॅपटॉप अगदी जवळ ओढायचे. नाक कॅमेऱ्यापासून 30 सेंटिमीटरवर असेल तर कान साधारण 42 वर पडतात. हा फरक चित्रात ठळक दिसतो. नाक 75 वर नेलं की कान 87 वर जातात आणि चेहरा आरशातल्यासारखा प्रमाणात दिसतो. मागे सरकले आणि आवाजासाठी वायरचा इअरफोन घेतला.

उंचीही चुकली होती. लॅपटॉप टेबलावरच असल्यानं स्क्रीन मागे कलवावी लागे. कॅमेरा हनुवटीखालून पाही आणि डोक्यामागे पंखा दिसे. जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा खाली ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणला, स्क्रीन सरळ उभी केली आणि डोक्यावर थोडीच जागा सोडली.

चौथी मुलाखत संध्याकाळी साडेपाचची होती. सुरुवात छान झाली, पण सहानंतर खिडकीतला उजेड ओसरला आणि चेहऱ्यावर फक्त स्क्रीनचा निळसर प्रकाश उरला. उजेडाची चाचणी मी दुपारी घेतली होती. आता खिडकीच्याच बाजूला टेबललॅम्प ठेवते, त्याचं तोंड पांढऱ्या भिंतीकडे वळवते आणि मुलाखत ज्या वेळेला असेल त्याच वेळेला आदल्या दिवशी रेकॉर्डिंग करून बघते.