पगार थांबला, खातं मात्र चालूच राहिलं

आपटा, रसायनी, पाताळगंगा या पट्ट्यात कंत्राटी काम केलेल्या माणसाच्या घरी दोन-तीन पासबुकं असतातच. कंपनी बदलली की ठेकेदार बदलतो आणि नवा ठेकेदार नव्या बँकेत पगाराचं खातं उघडायला लावतो. काम सुटतं, जुनं पासबुक मात्र कपाटात पडून राहतं. माझंही तसंच झालं. गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, मी ते खातं बंद केलं. तेव्हा जे समजलं ते सविस्तर लिहितोय, कारण आपल्याकडे घरोघरी हीच गत आहे.

मी फेब्रुवारी २०२२ मध्ये काम सोडलं. मार्चमध्ये एटीएममधून शेवटचे पैसे काढले आणि खातं विसरून गेलो. पगार येतो तोवर पगाराच्या खात्याला किमान शिलकीची अट नसते. पगार यायचा थांबला की काही महिन्यांत बँक ते साधं बचत खातं करते आणि अट लागू होते. माझ्या बँकेची अट ५,००० रुपयांची होती. बँकेने मेसेज पाठवला असेलही, पण मी नंबर बदलला होता.

मोहोपाड्याला जाऊन पासबुक भरून घेतलं तर शिल्लक ४,३१२ रुपये. म्हटलं, काढू आणि बंद करू. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "दादा, केवायसी नाही म्हणून खातं फ्रीझ आहे. आणि २,४७८ रुपये चार्जेस पेंडिंग आहेत. ते कापून १,८३४ मिळतील." खातं गोठलेलं असल्यामुळे आकार कापले गेले नव्हते, नुसते नावावर नोंदत गेले होते.

मी एकच गोष्ट मागितली. पेंडिंगचा महिनावार तपशील द्या. तो मिळाला आणि चित्र स्पष्ट झालं. डेबिट कार्डाचे दोन वर्षांचे, वर्षाला २०० अधिक १८ टक्के जीएसटी, असे ४७२ रुपये. उरलेले २,००६ रुपये किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड: महिना १०० अधिक जीएसटी म्हणजे ११८, जानेवारी २०२४ ते मे २०२५ असे १७ महिने.

आता नियम. ग्राहकाने स्वतः दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार केला नाही की खातं 'निष्क्रिय' ठरतं. बँकेने व्याज जमा केलं किंवा आकार कापला, तो आपला व्यवहार धरत नाहीत. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ ला परिपत्रक काढलं आणि ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. त्यानुसार निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही आणि खातं पुन्हा चालू करण्याचेही पैसे घेता येत नाहीत. माझा शेवटचा व्यवहार मार्च २०२२ चा. म्हणजे एप्रिल २०२४ पासूनचे १४ महिने दंड लागायलाच नको होता. १४ गुणिले ११८, १,६५२ रुपये. उरलेले तीन महिन्यांचे ३५४ आणि कार्डाचे ४७२, एकूण ८२६ रुपये मी देणं लागत होतो. ते द्यायला माझी ना नव्हती.

तोंडी बोलून काही झालं नाही. "सिस्टीम घेते, आम्ही काय करणार?" मग पत्र लिहिलं. दोन प्रतींत, मराठीत. मजकूर असा:

"प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: बचत खाते बंद करून शिल्लक वर्ग करण्याबाबत. महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते असून मार्च २०२२ नंतर मी त्यात कोणताही व्यवहार केलेला नाही. खात्याची आता गरज नसल्याने ते बंद करावे. केवायसीची कागदपत्रे सोबत जोडली आहेत. प्रलंबित आकारांपैकी एप्रिल २०२४ ते मे २०२५ चा किमान शिलकीचा दंड (१,६५२ रुपये) खाते निष्क्रिय असताना लावलेला आहे, तो रद्द करावा. उर्वरित ८२६ रुपये शिलकीतून वसूल करण्यास माझी संमती आहे. राहिलेली रक्कम आजपर्यंतच्या व्याजासह सोबतच्या रद्द धनादेशावरील माझ्या खात्यात वर्ग करावी आणि खाते बंद झाल्याचे लेखी कळवावे. सोबत: पासबुक, न वापरलेले धनादेश, कापलेले डेबिट कार्ड."

त्याखाली खाते क्रमांक, तारीख आणि बँकेत आहे तीच सही. संयुक्त खातं असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच नसेल तर पत्र दिलं होतं हे सिद्ध करता येत नाही.

यात एक मेख आहे. केवायसी आणि खातं बंद करण्याचा अर्ज एकाच दिवशी द्या. केवायसी आज दिलं आणि बंदचा अर्ज 'नंतर बघू' म्हणून ठेवला, तर खातं पुन्हा चालू होतं आणि दंडाचं मीटरही पुन्हा सुरू होतं.

अकराव्या दिवशी दुसऱ्या खात्यात पैसे आले. ४,३१२ वजा ८२६, म्हणजे ३,४८६, आणि त्या तिमाहीचं व्याज २४. एकूण ३,५१० रुपये. तीस दिवसांत उत्तर आलं नसतं किंवा नकार आला असता, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे फुकट तक्रार करता आली असती. तिथेही हीच पोच लागते.

ज्यांच्या खात्यात काहीच उरलेलं नाही त्यांच्यासाठी: फक्त किमान शिलकीच्या दंडामुळे बचत खातं उणे शिलकीत जाता कामा नये, असं रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना सांगितलं आहे. त्यामुळे "आधी एवढे भरा, मग बंद करू" असं कोणी म्हटलं तर भरण्याआधी तपशील मागा.

पण पत्र देण्याआधी घरी बसून एक काम करा, कारण इथे चूक झाली तर नुकसान दंडापेक्षा मोठं होतं. या खात्यावर काय काय येतं-जातं ते बघा. लाडकी बहीणचे, पीएम किसानचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. ते जोडलेलं खातं नेमकं हेच असेल तर हप्ता अडकतो. कोणत्या बँकेला आधार जोडलंय ते आधारच्या वेबसाइटवर दिसतं. पीएफला जुनंच खातं लावलेलं असतं, तेही बदलून घ्या. आणि पासबुकात दरवर्षी २० रुपये कापलेले दिसले, तर तो पंतप्रधान सुरक्षा विमा आहे, अपघाती मृत्यूला दोन लाखांचा. खातं बंद झालं की तो विमाही संपतो.  आधी दुसऱ्या बँकेत तोच विमा सुरू करा आणि मगच पत्र द्या.

कपाटातलं जुनं पासबुक काढा आणि स्वतः केलेल्या शेवटच्या व्यवहाराची तारीख बघा. हिशोब तिथूनच सुरू होतो.