रिकाम्या जागेच्या पुढचं वाचा

कडावला मी घरीच इंग्रजीची शिकवणी घेते. आठवी-नववीची पोरं व्याकरणाच्या बाकी प्रश्नांतून तरून जातात, पण गोष्टीतल्या रिकाम्या जागा आल्या की एका ठिकाणी हमखास अडतात. गोष्ट भूतकाळात चाललेली असते आणि मधेच त्या वेळेच्या पुढचं काहीतरी सांगायचं असतं. तिथे ‘वॉज गोइंग टू’ लिहायचं की ‘वुड’? ‘विल’चा भूतकाळ ‘वुड’ हे शाळेत घोकलेलं असतं, त्यामुळे सगळीकडे ‘वुड’ ठोकून मोकळी होतात.

फळ्यावर मी एक वाक्य लिहिलं : ‘राजू ___ कॅच द टेम्पो टू कर्जत, बट द ड्रायव्हर वॉज इल.’ बहुतेकांनी ‘वुड’ भरलं.

‘‘ताई, तो जाणारच होता ना? मग पुढचंच झालं की.’’

‘‘जाणार होता, पण गेला का?’’

‘‘नाही.’’

गेला नाही, नुसता बेत होता, म्हणून ‘वॉज गोइंग टू’. ‘वुड’ घातलं तर राजू एरवी टेम्पो पकडायचा असा अर्थ डोकावतो आणि ‘बट’नंतरचं अधांतरी राहतं. जागेच्या आधीचं वाचून हे कळत नाही, ‘बट’ पुढेच असतो.

मग स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांवर उतारा केला. माथेरानला जन्मलेले कोतवाल आमच्या भागात पोरासोरांना माहीत. ‘इन १९४२ कोतवाल वॉज इन हायडिंग. ही ___ डाय ॲट सिद्धगड ऑन २ जानेवारी १९४३.’ इथे ‘वुड’ शोभतं. हे त्यांच्या मनातलं नाही, शेवट ठाऊक असलेला सांगणारा तो आधीच सांगून टाकतो आहे. ‘वॉज गोइंग टू’ लिहिलं तर मरण तेव्हाच समोर दिसत होतं असं वाटतं. मराठीत मात्र राजू ‘जाणार होता’ आणि कोतवालांना सिद्धगडावर वीरमरण ‘येणार होतं’, दोन्हीकडे एकच रूप. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पण एका जागी मराठीच कामाला येते. ‘शी सेड शी ___ कम.’ मूळ बोलणं ‘मी येईन’ असेल तर ‘वुड’, ‘मी येणार आहे’ असेल तर ‘वॉज गोइंग टू’. मूळ बोलणं दिलेलंच नसेल तर दोन्ही बरोबर. आमच्याकडच्या एका सरावपुस्तकात नेमकं असंच वाक्य होतं आणि उत्तरसूचीत एकटं ‘वुड’. दुसरं लिहिणाऱ्या मुलीचा गुण गेला, आणि तिचं काहीही चुकलं नव्हतं.

प्रश्न काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : एकच उत्तर हवं असेल तर बेत फसल्याचं किंवा पुढे काय घडलं त्याचं वाक्य उताऱ्यात ठेवा. ते ठेवायचं नसेल तर दोन्ही उत्तरांना गुण द्या.