६१७४ला पोचण्याची घाई नको

देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९मध्ये शोधलेली गंमत अनेकांना ठाऊक असते. सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर तेच पुन्हा करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच. मोबाइलवर याचा खेळ करावा हे कुणालाही सुचेल. पण यात खेळणाऱ्याला ठरवायचं काहीच नसतं, त्यामुळे नवलाई ओसरली की बोट थांबतं.

म्हणून मी नियम उलटा धरला. ६१७४ आली की डाव संपला, तिला जितकं लांब ठेवाल तितके गुण. त्यासाठी हाताशी तीन बदल. वजाबाकीपूर्वी हवा तो एक अंक एकाने वाढवायचा किंवा घटवायचा. ३५२४ तीन पावलांत संपते. त्यातल्या पाचाचे सहा केले की ३६२४, आणि प्रवास असा: ४०८६, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. एका अंकाने चार पावलं जास्त मिळाली. आता पाहा, ठरवा, परिणाम भोगा, पुन्हा पाहा असं चक्र फिरायला लागलं.

जवळा बाजारला एसटीची वाट पाहणाऱ्या पोरांच्या हाती फोन दिला, तर थोड्याच वेळात एकाला चोरवाट सापडली. ४१७६ आली की सहाचे पाच करायचे. ४१७५पासून ६०८४, ८१७२ असं फिरून पुन्हा ४१७६वरच येतो. तो आता संख्येकडे बघतही नव्हता. मी अशा वेळी गुण पाहत नाही, बोट पाहतो. दोन खेळींमधला विचाराचा थांबा नाहीसा झाला की चक्र नुसतं फिरतंय, खेळ मेला आहे.

बदल वाढवून किंवा रोजची बक्षिसं लावून हे सुटत नाही. त्यानं माणूस परत येतो, पण रमत नाही. मी एकच नियम घातला: या डावात येऊन गेलेली संख्या पुन्हा आली तरी डाव खलास. आता ३६२४वरून ४१७६ला पोचलेल्यानं सहाचे पाच केले, तर ६०८४ मिळते आणि पुढच्याच पावलाला ८१७२ आडवी येते. त्याऐवजी साताचे सहा केले तर ४१६६, आणि तिथून ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ अशा कोऱ्या संख्या मिळून मग ६१७४. म्हणजे तीच संख्या समोर असली तरी योग्य खेळी आधी कुठून आलात त्यावर ठरते. २०१४च्या ‘२०४८’मध्येही हेच आहे. आपणच सरकवलेल्या फरशा पुढं आपलीच वाट अडवतात.

अडचण एक उरतेच. पुढचं दिसलं नाही तर हा जुगार होतो. म्हणून पडद्यावर दोन आकडे कायम दाखवतो: सर्वांत मोठ्या व लहान अंकांतला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला. उत्तर या दोघांवरच ठरतं, पहिला ९९९ने गुणा, दुसरा ९०ने, आणि बेरीज करा. अशा जोड्या फक्त ५४. मुरलेला खेळाडू त्या पाठ करेल, आणि त्याच्यासाठी मग पाच अंकांचा डाव आहे. तिथं एकच थांबा नाही, संख्या चक्रांत अडकतात, त्यामुळे सगळी रचना नव्यानं करावी लागते.