आडकित्त्याचा आवाज

संध्याकाळी पडवीत बसून आई सुपारी कातरायची. वाडीतून येणारा ओला गारवा, अंगणात वाळणाऱ्या सुपारीचा तुरट वास आणि त्या वासावर अलगद पडणारा आडकित्त्याचा आवाज, कट्, जरा थांबून पुन्हा कट्, इतका संथ की आमचं घर त्याच तालावर श्वास घेतं, असं मला लहानपणी वाटायचं.

एकदाच तो मध्येच थांबला. दिवेआगर पाहायला आलेलं बंगळुरूचं एक कुटुंब आमच्याकडे जेवलं होतं. त्यातल्या बाईंनी इंग्रजीत विचारलं, ते गुलाबी प्यालो त्यात काय होतं? आईला 'कोकोनट' माहीत होतं, 'स्पायसी'ही. आडकित्ता उघडाच राहिला. ती हसली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

ते पाहणं अजून जात नाही.

ती शब्दांवाचून गप्प झाली नव्हती, हे मला फार उशिरा उमगलं. आपलं 'आहे' मोठं मायाळू. 'ही सोलकढी आहे', 'यात कोकम आहे', 'मला दोन मुलं आहेत', सगळ्यांना ते एकाच ओटीत घेतं. इंग्रजीत मात्र ती ओटी दुभंगते. पहिल्याला 'इज', दुसऱ्याला 'हॅज', तिसऱ्याला 'हॅव'. त्यातून आपलं क्रियापद सगळ्यांना पुढे करून शेवटी येणारं, तिकडचं कर्त्याच्या पाठोपाठ निघणारं. माणूस मनात मराठी वाक्य जुळवतो, मग ते उलटं फिरवतो, आणि तेवढ्यात विचारणाऱ्याची नजर दुसरीकडे वळलेली असते.

त्या थांबण्यासाठीच बोर्लीत, आमच्या पडवीत, मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग सुरू करते आहे. दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून; सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. फी नाही. बारा जणच, म्हणजे प्रत्येकाला बोलायला मिळेल. पहिला महिना वही उघडायची नाही. आपलीच एक गोष्ट, घरची, वाडीची, बाजाराची, आधी एकाला चार मिनिटांत सांगायची, मग दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. गोष्ट तीच असते, म्हणून मन शब्द शोधत बसत नाही आणि जीभ सैल होते. बोलणं संपेपर्यंत चूक कुणी दाखवायची नाही. मध्येच टोकलं की माणूस पुन्हा मराठी वाक्य जुळवायला लागतो. प्रगती मी चुकांवरून नाही, प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या शांततेवरून ओळखीन. ती आखडत आली, की जमतंय. तीन महिन्यांत भाषण नाही करता येणार. पाहुण्याला जेवण समजावता येईल, मुंबईतल्या डॉक्टरला दुखणं सांगता येईल.

पहिल्या संध्याकाळी सोलकढीच घेऊ. 'इट हॅज कोकम. इट हॅज कोकोनट मिल्क. इट इज नॉट स्पायसी.'

नावं लिहायला घेतली आहेत. पहिलं आईचं आहे. येताना आडकित्ता आणीन म्हणाली.