चौसष्ट टक्के कशाचे?

मागच्या उन्हाळ्यात माझी भाची रात्री दहाला फोन करून म्हणाली, "मामू, कॉलेजनं मला चोर ठरवलंय." ती पुण्यात एम.ए. करते. तिच्या प्रबंधिकेचा विषय भवानी पेठेतले जुन्या लाकडाचे व्यापारी. ईमेलमध्ये एकच ओळ होती: आपल्या लेखनात ६४ टक्के प्लेजिअरिझम आढळले आहे, गुरुवारी अकरा वाजता समितीपुढे हजर राहावे.

तिने रातोरात माफीनामा लिहून ठेवला होता. तो मी आधी बाजूला ठेवायला लावला. चौसष्ट टक्के कशाचे, हेच कुणाला माहीत नव्हते.

सकाळी तिने विभागप्रमुखांना ईमेल केला. पूर्ण अहवाल द्यावा, कोणते परिच्छेद संशयित आहेत ते कळवावे, आरोप कोणत्या नियमाखाली आहे आणि समितीत कोण आहे ते सांगावे, एवढेच. तोंडी विचारू नकोस, असे मी बजावले होते, कारण पुढे अपील करायची वेळ आली तर तारखेसह केलेली विचारणा हाताशी लागते.

अहवाल आला तेव्हा घोळ कळला. टर्निटिन दोन वेगळे आकडे देते. दुसऱ्या मजकुराशी जुळणी किती, हा एक. यंत्राने लिहिल्यासारखे वाक्य किती वाटते, हा दुसरा. तिची जुळणी ७ टक्के होती, ६४ हा दुसरा आकडा होता. हा फरक समितीपुढे मांडणे सगळ्यात महत्त्वाचे होते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या जुळणीला शिक्षा नाही, पण ६० च्या वर गेली तर नोंदणी रद्द होऊ शकते. ते टक्के जुळणीचे आहेत. त्या नियमांत एआयचा उल्लेखच नाही. त्यामुळे एआयचा आकडा त्या रकान्यात बसवता येत नाही. त्याच नियमांत असेही आहे की गैरवर्तन निःसंशय सिद्ध झाल्यावर आणि बाजू मांडायची पुरेशी संधी दिल्यावरच शिक्षा करायची. हे कलम आम्ही छापून घेतले.

जुळणीच्या अहवालात मूळ मजकूर कुठला ते दिसते, तो तपासता येतो. एआयच्या आकड्यामागे असे मूळ काही नसते. तो निव्वळ अंदाज असतो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेलचे ९१ निबंध अशा यंत्रांतून घातले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध एआयचे ठरले. साधी, सरळ, तीचतीच इंग्रजी यंत्राला संशयास्पद वाटते. आपल्या मुलांनी शाळेत हीच इंग्रजी घोकलेली असते.

पण यंत्र चुकते एवढ्याने भागत नाही. स्वतः लिहिल्याचे दाखवावे लागते. गूगल डॉक्सच्या File मेनूत Version history मध्ये तासातासाचा मसुदा जपलेला असतो. मूळ फाइलला हात न लावता तिने त्याचे स्क्रीनशॉट घेतले. सहा आठवड्यांत प्रकरण कसे वाढले, कुठे खोडले, सारे दिसत होते. फक्त एका जागी अख्खे पान एका झटक्यात आलेले होते. समितीने नेमके तिथेच बोट ठेवले असते. ते पान आधी मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिलेले होते, म्हणून ती नोटही तारखेसह काढली. मुलाखतींच्या वह्या, मार्गदर्शकांना पाठवलेले मसुदे, त्यांचे शेरे, सगळे तारखेच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावले.

मग मी तो प्रश्न विचारला जो आधीच विचारायला हवा होता. "तू वापरलंस का?" ती गप्प बसली. समारोपातले तीन परिच्छेद तिने एआयकडून इंग्रजी सुधारून घेतले होते. मी रागावलो, ते चुकलेच. पण लपवायचे नाही, हे ठरले. एका पानाच्या निवेदनात तिने तेच तीन परिच्छेद, वापरलेले साधन आणि आपले मूळ वाक्य शेजारी शेजारी दिले. विभागाच्या सूचनापत्रात एआयबद्दल काय लिहिले आहे, तेही जोडले. त्यात काहीच लिहिलेले नव्हते.

हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठाने २०२४ मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्याला ८८ टक्के एआय म्हणून नापास केले, तेव्हा तोही हाच मुद्दा घेऊन पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला होता. पुढे विद्यापीठानेच त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. म्हणजे न्यायालयाचे मत आपल्याला मिळालेच नाही. त्या बातमीच्या भरवशावर समितीपुढे जाऊ नये.

बुधवारी रात्री मी आणि ताई समिती होऊन बसलो. बेचाळीसच दुकानदार का, तिसऱ्या तक्त्यात सागवान वेगळे का काढले, "सर्किट ऑफ रियूज" म्हणजे काय? शेवटच्यावर ती अडखळली. शब्द तिचाच होता, पण सांगता येईना. अर्धा तास त्याच्यावर गेला.

गुरुवारी समितीने आकड्याबद्दल दोन मिनिटेच विचारले. बाकी वेळ सागवानावर गेला. तीन परिच्छेद पुन्हा लिहून, वापर जाहीर करून प्रबंधिका द्यायला सांगितले. संध्याकाळी तिने ते परिच्छेद आधी मराठीत लिहिले आणि मला वाचून दाखवले.