अंधेरीचे तिकीट कोणत्या खिडकीवर?

गावाकडून मुंबईत आलेल्या माणसाला रस्ता सांगताना आपण एक चूक हमखास करतो. आपल्या रोजच्या पायाखालचे जे असते, ते त्यालाही ठाऊक असणार असे धरून चालतो. आमच्या हातून तीच चूक झाली आणि तिची किंमत आमच्या भाच्याला मोजावी लागली.

भाचा परभणीकडचा. आय.टी.आय. करून वायरमनचे काम शिकलेला. २०२५च्या दिवाळीनंतर तो आमच्या घाटकोपरच्या खोलीवर आला. अंधेरी स्टेशनाजवळ एका ठिकाणी त्याला सकाळी दहाला मुलाखतीला बोलावले होते. आम्हाला पहिली पाळी. पहाटे निघता निघता आम्ही त्याला सांगितले, "घाटकोपर स्टेशनवर जा, अंधेरीचं तिकीट काढ. वीस मिनिटांत पोचशील."

पोरगा नऊच्या आधीच स्टेशनवर गेला. समोर दिसली त्या रेल्वेच्या खिडकीवर रांग लावून त्याने अंधेरीचे तिकीट काढले. मग एकाला विचारले, "अंधेरीची गाडी कुठं लागते?" त्या भल्या माणसाने पुलाकडे बोट दाखवले. पुलावरून हा पोचला मेट्रोच्या फाटकापाशी. तिथे तिकीट टेकवायला जागा होती, पण ह्याचे तिकीट घेऊन दार काही उघडेना. पहारेकरी म्हणाला, हे लोकलचे तिकीट आहे, खाली जा. खाली आला तर कळले की लोकलने जायचे तर आधी दादरला जायचे, तिथे गाडी बदलायची आणि मग अंधेरी. तो तसाच गेला. पोचला तेव्हा अकरा वाजून गेले होते. फाटकावरच उत्तर मिळाले, पुढच्या सोमवारी या.

संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, तिकीट तर अंधेरीचंच होतं की. मग दार का उघडलं नाही?" आम्ही काही बोलायच्या आत त्याची मामी म्हणाली, "चूक त्याची नाही. सांगणाऱ्याची आहे."

ते खरेच होते. म्हणून रविवारी आम्ही दोघे त्याला घेऊन निघालो. ठरवले की मुंबईतल्या रुळांच्या गाड्या ह्याला एकदा डोळ्यांनी दाखवायच्या.

सुरुवात घाटकोपरच्याच पुलावर केली. खाली लोकल. ती रेल्वेची गाडी, रूळ जमिनीवर, लांबच्या गाड्या जातात तेवढेच रुंद. मुंबई लांबट वाढली, तशा लोकलच्या मुख्य लाइनीही उत्तर-दक्षिण धावतात. घाटकोपर मध्य रेल्वेवर, अंधेरी पश्चिम रेल्वेवर. दोन्ही लाइनी दादरला भेटतात. म्हणून लोकलने घाटकोपरहून अंधेरी म्हणजे दादरपर्यंत खाली उतरायचे आणि पुन्हा वर चढायचे, सुमारे बावीस किलोमीटर. वर मेट्रो. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली ही पहिली मेट्रो आडवी जाते, पूर्वेकडून पश्चिमेकडे. घाटकोपर सोडले की आठवे स्टेशन अंधेरी. अंतर लोकलच्या निम्म्याहूनही कमी. आमची "वीस मिनिटे" ती ही होती, पण मेट्रो हा शब्दच आम्ही उच्चारला नव्हता.

तिकिटाचा फरकही तिथेच दाखवला. लोकलला फाटक नाही. तिकीट खिशात ठेवून गाडीत बसायचे, टी.सी.ने धरले आणि तिकीट नसले, तर भाडे आणि वर किमान २५० रुपये दंड. मेट्रोत तिकिटावरची ठिपक्यांची खूण फाटकाला दाखवल्याशिवाय आत जाता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही. म्हणून ते शेवटपर्यंत सांभाळायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये "मुंबई वन" नावाचे मोबाइल अ‍ॅप निघाले, त्यावर दोन्हींची तिकिटे एका जागी काढता येतात. पण खिडकीवर घेतलेले एकाचे तिकीट दुसऱ्याला चालत नाही.

तेवढ्यात फलाटावर बंद दारांची एक गाडी आली. भाचा म्हणाला, "ही मेट्रो!" नाही. ती एसी लोकल. दारे आपोआप मिटतात, पण फलाट लोकलचा, रूळ लोकलचे. तिला साधे सेकंड क्लासचे तिकीट चालत नाही. म्हणून गाडीच्या दारावरून ओळखू नये, ती कोणत्या फलाटावर उभी आहे त्यावरून ओळखावी.

पुढे कुर्ल्याला गाडी बदलून आम्ही चेंबूरला गेलो आणि थोडे चालत मोनोरेलच्या खाली उभे राहिलो. मेट्रोही खांबांवर, मोनोही खांबांवर. नवखा माणूस इथेच फसतो. आम्ही त्याला वर पाहायला सांगितले. मेट्रोखाली उभे राहिले की डोक्यावर रुंद छत दिसते, त्यावर रुळांच्या दोन जोड्या आणि वर विजेच्या तारा असतात. मोनोला छत नाही, रूळ नाहीत, वर तारही नाही. सिमेंटच्या दोन अरुंद तुळया आणि मधून दिसणारे आभाळ. एकेका तुळईवर गाडी घोड्यावर मांड टाकावी तशी बसते आणि रबरी चाकांवर धावते. वीज तुळईलगतच्या पट्टीतून घेते.

वायरमन पोराने लगेच विचारले, "पट्टीचा टेका सुटला तर?" तेच झाले होते. १९ ऑगस्ट २०२५ला मोठ्या पावसाने हार्बरची लोकल बंद पडली आणि माणसे मोनोत शिरली. गाडीची ताकद सुमारे १०४ टनांची, भार झाला १०९. टेका सुटला, वीज गेली, म्हैसूर कॉलनीजवळ गाडी अधांतरी थांबली. तुळईवर चालायला वाट नसते, म्हणून साडेपाचशेहून अधिक माणसे अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवली. २० सप्टेंबर २०२५ पासून मोनो दुरुस्तीसाठी बंद ठेवली. आम्ही गेलो तेव्हाही बंदच होती. तिच्या भरवशावर निघण्याआधी चौकशी करावी.

परतताना दादरला उतरलो. भाच्याने बसवरची "दादर टी.टी." ही पाटी वाचून अर्थ विचारला. ट्राम टर्मिनस. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ला संपली, नाव उरले. लाइट रेल म्हणतात ती ह्या ट्रामचीच मोठी, वेगवान बहीण. मेट्रोपेक्षा हलकी, पुष्कळदा रस्त्याच्या पातळीवर धावणारी. मुंबईत ती नाही. कोणी इथे लाइट रेल म्हणालाच, तर त्याला मेट्रो म्हणायचे असेल असे समजावे.

दादरलाच आणखी एक गोष्ट दाखवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोचेही दादर स्टेशन आहे. पण ते रेल्वे स्टेशनात नाही. पश्चिमेला रस्त्याने चालत जावे लागते, मग जमिनीखाली उतरायचे. नाव एक, जागा दोन.

सोमवारी भाचा सव्वानऊला अंधेरीत होता. त्याला काम मिळाले. पहिल्याच आठवड्यात गावाहून त्याचा मित्र यायचा होता. त्याला फोनवर पत्ता सांगताना आम्ही ऐकले, "दादरला उतर. बाहेर निघू नको. पुलावरून मध्य रेल्वेच्या फलाटावर ये आणि लोकलनं घाटकोपरला उतर. लोकल बरं का, मेट्रो नाही. तिकीट रेल्वेच्या खिडकीवरच काढ."

मामीने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही.