कूट खवट होतं तेव्हा

साबुदाण्याची खिचडी असो की काकडीची कोशिंबीर, आमच्या घरी दाण्याच्या कुटावाचून पान हलत नाही. तरीही मी एका वेळी पाव किलोच दाणे भाजून कुटते. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. अख्ख्या दाण्यात ते बंदिस्त राहतं. कुटलं की हवेला उघडं पडतं, आणि खवटपणा येतो तो हवेतल्या प्राणवायूमुळेच. गॅसजवळची ऊब आणि उजेड त्याला हातभार लावतात.

खवटपणा डोळ्यांना दिसत नाही. डब्याच्या तळाचा एक दाणा सोलून चिरडावा आणि हुंगावा. जुन्या तळणीच्या तेलासारखा वास आला, चावल्यावर गोडसर चवीऐवजी कडवटपणा आणि घशात खवखव जाणवली, तर तो खवट झाला. भाजल्यानं वास थोडा झाकला जातो, दाणा सुधारत नाही. बुरशी धरलेले दाणे मात्र चाखूही नयेत. त्यातलं विष भाजूनही पुरतं जात नाही.

आठवड्यापुरतं कूट मी लहान, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. उरलेले कच्चे दाणे हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका कोमट होईपर्यंत उघडत नाही, नाहीतर दाण्यांना ओल धरते. आणि जुन्या कुटावर नवं कधीच ओतत नाही. डब्याला चिकटलेलं जुनं तेल ताज्या कुटालाही वास लावतं. आधी डबा घासून, कोरडा करून मगच नवं कूट भरायचं!